लाल कूलंटमध्ये हिरवं पडलं तर: ओळख, धुलाई आणि पुन्हा भरणं

ऑटो स्पेअर्सच्या दुकानात कूलंट मागितलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "हिरवं देऊ का लाल, भाऊ?" गिऱ्हाईक टाकीत डोकावतं, दिसेल तो रंग सांगतं आणि कॅन घेऊन निघतं. गोंधळाची सुरुवात इथेच होते. कूलंटचा रंग हा वरून घातलेला रंग आहे. मूळ ग्लायकॉल पाण्यासारखं बिनरंगी असतं. गळती पटकन दिसावी आणि कूलंट म्हणजे पिण्याचं पाणी असा समज होऊ नये, म्हणून कंपन्या त्यात रंग घालतात. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा जगभर पाळला जाणारा नियम नाही.

दोन उदाहरणं पुरेत. होंडाचं कूलंट निळं असतं आणि बीएमडब्ल्यूचंही निळं. पण होंडाच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असतं आणि सिलिकेट नसतं. बीएमडब्ल्यूच्या पारंपरिक निळ्या कूलंटमध्ये सिलिकेट असतं आणि फॉस्फेट नसतं. उलट, जनरल मोटर्सने १९९६ च्या मॉडेलांपासून आणलेलं नारिंगी कूलंट आणि फोक्सवॅगनचं जुनं लाल जी-१२ हे रंगाने वेगळे असले तरी एकाच घराण्यातले. रंग सारखा म्हणून जात सारखी नाही, आणि रंग वेगळा म्हणून जात वेगळीच असेल असंही नाही.

म्हणून या लेखात एकच प्रसंग धरून पुढे जाऊ. समजा, सावद्याहून केळी भरून जळगाव, फर्दापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाणारी एक डिझेल पिकअप आहे. कंपनीने लाल कूलंट भरून दिलं होतं. मध्ये कुणीतरी अर्धा-पाऊण लिटर हिरवं टाकलं, नंतर उन्हाळाभर बोअरचं पाणी पडत राहिलं. आता टाकीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालंय. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध राहतो, पण अजिंठ्याचा घाट चढताना वर जातो. या गाडीत नेमकं काय झालं आणि ती कशी दुरुस्त करायची, ते पाहू.

डब्यात नक्की काय असतं

बहुतेक कूलंटमध्ये मुख्य घटक एकच असतो, इथिलीन ग्लायकॉल. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं केलं की ते मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने सुमारे १ बार दाब धरला तर १२८ अंशांच्या आसपास. नुसतं पाणी त्याच दाबाखाली १२० अंशांना उकळतं. ग्लायकॉल गोठण्यापासूनही वाचवतं, पण जळगाव-धुळ्यात तो प्रश्न येत नाही. त्यामुळेच आपल्याकडे "बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला" असं म्हटलं जातं.

त्या बोलण्यात डब्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग सुटतो. ग्लायकॉलबरोबर थोड्या प्रमाणात गंजरोधक रसायनं असतात आणि कूलंटची जात त्यांच्यावरून ठरते. इंजिनात ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ आणि शिसं-कथिलाचं झाळकाम असे धातू एकाच गरम पाण्यात शेजारी-शेजारी असतात. गंजरोधक नसतील तर ते एकमेकांना खातात. ग्लायकॉलही गरम होऊन-होऊन हळूहळू आम्ल बनतं, आणि ते आम्ल शमवायचं कामही याच रसायनांचं असतं.

जुनी जात अजैविक क्षारांची. तिच्यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असतात. हे क्षार धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर एक पातळ थर चढवतात, जणू भिंतीला चुना मारावा तसा. थर लगेच बसतो, पण क्षार त्यात खर्च होत जातात. म्हणून हे कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. पारंपरिक हिरवं म्हणतात ते बहुधा हेच.

दुसरी जात सेंद्रिय आम्लांची. ही आम्लं सगळीकडे थर देत नाहीत. जिथे गंज सुरू होतो तेवढ्याच जागी जाऊन चिकटतात. त्यामुळे ती हळू संपतात आणि कूलंट पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. मात्र संरक्षण बसायला वेळ लागतो आणि द्रावणात आम्लांचं प्रमाण पुरेसं असावं लागतं.

तिसरी जात संकरित. युरोपी गाड्यांत सेंद्रिय आम्लांसोबत थोडं सिलिकेट घालतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण तिकडचं पाणी जड आहे आणि फॉस्फेट जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर खडे करतं. जपानी आणि कोरियन कंपन्या उलट करतात. सिलिकेटचे कण वॉटर पंपाचं सील झिजवतात म्हणून ते टाळतात आणि फॉस्फेट घालतात. आपल्या रस्त्यांवर जपानी-कोरियन घराण्याच्या गाड्या भरपूर आहेत, आणि बोअरचं पाणी जड. त्यामुळे फॉस्फेटचं कूलंट आणि बोअरचं पाणी ही जोडी खानदेशात विशेष वाईट ठरते. त्यातून बनणारं कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे हाडांना कडकपणा देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातलं. रेडिएटरच्या बारीक नळीत ते बसलं की नुसत्या पाण्याने निघत नाही.

मिसळल्यावर काय बिघडतं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चुकीचं कूलंट एक कपभर पडलं म्हणून इंजिन संध्याकाळपर्यंत जाम होत नाही. नुकसान दोन वाटांनी होतं, आणि त्यातली एक वाट डोळ्यांना दिसत नाही.

दिसणारी वाट सिलिकेटची. कूलंटमधलं सिलिकेट हे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गोंद बनवायला वापरतात त्या सोडियम सिलिकेटचं भावंड. द्रावण पुरेसं अल्कधर्मी असेल तोवर ते विरघळलेलं राहतं. नव्या हिरव्या कूलंटचा पीएच साधारण साडेनऊ ते साडेदहा असतो, सेंद्रिय आम्लांच्या कूलंटचा आठ ते नऊ. दोन्ही एकत्र आली की सिलिकेटला सांभाळणारा पीएच खाली येतो आणि त्याला विरघळवून ठेवायला घातलेलं स्थिरक रसायनही पातळ होतं. मग सिलिकेटचे रेणू एकमेकांना धरू लागतात आणि साबुदाण्याच्या खिरीसारखी चिकट जेली तयार होते. त्यात बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आलं तर सेंद्रिय आम्लांचेही न विरघळणारे क्षार बनतात. साबण जड पाण्यात फेस न देता पांढरा साका धरतो, तशातलाच हा प्रकार. त्यावर गंजाची तपकिरी बसते, आणि आपल्या पिकअपच्या टाकीत दिसतो तो गाळ तयार होतो. फोक्सवॅगनच्या गाड्यांत निळसर-हिरवं जी-११ आणि लाल जी-१२ एकत्र झाल्यावर होणारा तपकिरी गाळ हे याचं बऱ्याच मेकॅनिकांना माहीत असलेलं उदाहरण आहे. पुढे त्याच कंपनीने दोघांशी जमणारं जांभळट जी-१२ प्लस आणलं.

न दिसणारी वाट मला जास्त घातक वाटते, कारण तिथे टाकीतलं पाणी स्वच्छच राहतं. सेंद्रिय आम्लं ठरावीक प्रमाण असेल तरच काम करतात. निम्मं हिरवं मिसळलं की त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. हिरव्यातलं सिलिकेटही निम्म्यावर येतं आणि काही महिन्यांत संपतं. आता दोन्हींपैकी कुणीच पुरेसं नाही. ॲल्युमिनियमचं हेड, पंपाचं पातं, थर्मोस्टॅटचं म्हणजे गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेचं घर यांना बारीक खड्डे पडू लागतात. बिल येतं दोन वर्षांनी, आणि तोवर काय मिसळलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या ज्या इंजिनांत लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या लोखंडी नळकांड्याला, बाहेरून थेट पाणी लागतं, त्यांना आणखी एक धोका आहे. लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे बनून त्याच्या भिंतीवर फुटतात आणि लोखंड टोचत जातं. शेवटी सुईएवढं भोक पडून पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे रोखायला कूलंटमध्ये नायट्राइट किंवा भरपूर सेंद्रिय आम्लं लागतात. मोटारीचं साधं कूलंट अशा इंजिनात चालवू नये.

आता घाटाचा प्रश्न. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवा ४६ अंश झाली की फरक ४९ उरतो, म्हणजे तोच रेडिएटर तीस टक्के कमी काम करतो. त्यातच थोड्या नळ्या गाळाने बुजल्या असतील तर सपाटीवर निभावतं, पण भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना निभावत नाही. म्हणून हा दोष आपल्याकडे हिवाळ्यात लपतो आणि एप्रिल-मेमध्ये उघडा पडतो.

आधी खात्री करा, मग खोला

तपकिरी पाणी म्हणजे मिसळलेलं कूलंटच, असं धरून चालू नका. इंजिन पूर्ण थंड करा, म्हणजे बंद केल्यावर किमान दोन तास. गरम झाकण उघडलं तर दाबाखालचं शंभर अंशांपलीकडचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चिंधी धरून "हळूच" उघडायचा प्रकारही नको.

टाकीतला थोडा गाळ काचेच्या पेल्यात काढा आणि बोटांत चोळा. तुपकट लागला, पेल्यात वर तवंग आला आणि रंग दुधाळ चहासारखा असला तर ऑइल मिसळलंय. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासा, कारण कूलंट बदलून ते बरं होणार नाही. गाळ बुळबुळीत जेलीसारखा पण तेलकट नसेल तर तो सिलिकेटचा. बोटांत लाल-तपकिरी भुकटी राहत असेल तर गंज. पांढरट, रवाळ आणि लिंबाचा रस टाकल्यावर फसफसणारा असेल तर पाण्याचा चुना.

झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडाकडे बघा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे चालतात. सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. निळा द्राव असलेलं गॅस तपासायचं उपकरण गॅरेजमध्ये मिळतं. गॅस असेल तर द्राव हिरवट किंवा पिवळा होतो. आपल्या पिकअपमध्ये तसं काही नाही, असं धरून पुढे जाऊ.

रेडिएटर किती बुजलाय ते इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. इंजिन गरम झाल्यावर जाळीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तापमान घ्या. ते सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजाऱ्यांपेक्षा १५-२० अंशांनी थंड लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही.

पीएचची पट्टी मात्र या बाबतीत फसवते. सात किंवा खाली दाखवलं तर कूलंट नक्की मेलंय. पण मिसळलेल्या कूलंटमध्ये साडेआठ आलं तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. गंजरोधक शिल्लक आहेत की नाहीत हे ती सांगत नाही.

दोन कूलंट जमतात का हे बघायला काही मेकॅनिक दोन्ही बाटलीत समान घेऊन ८० अंशांच्या पाण्यात काही तास ठेवतात. ढगाळलं किंवा खाली साका बसला तर उत्तर स्पष्ट आहे. पण काहीच झालं नाही तर ते "चालतं" असा अर्थ नाही, कारण वर सांगितलेली न दिसणारी वाट बाटलीत दिसत नाही.

धुलाई, आकड्यांसकट

लागेल ते असं: मोठा टब आणि मोजायचं भांडं, १५ ते २० लिटर बोअरचं नसलेलं मऊ पाणी, ६ लिटर डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीचं पाणी, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचं ४ लिटर कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, थर्मोस्टॅटचं नवं गॅस्केट किंवा रिंग, आणि पाइपांचे क्लिप. धुवायला आरओचं पाणी चालतं. पावसाचं, स्वच्छ पत्र्यावरून सुरुवातीची धूळ गेल्यावर धरलेलं पाणीही उत्तम.

पुस्तिकेत पाहा, कूलिंगची एकूण क्षमता किती ते. आपल्या पिकअपची ८ लिटर धरू. इंजिन थंड असताना रेडिएटरचा खालचा नळ किंवा खालचा होज पाइप सोडा आणि निघालेलं सगळं मोजा. हे मोजणं लोक टाळतात, आणि पुढचं सगळं गणित तिथेच चुकतं. समजा ५ लिटर निघालं. म्हणजे ३ लिटर जुनं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसलंय. ब्लॉकला बाजूने ड्रेन प्लग असेल तर तोही सोडा, काम निम्म्यावर येईल. बऱ्याचदा तो गंजून बसलेला असतो, आणि जबरदस्तीने मोडण्यापेक्षा सोडून दिलेला बरा.

टबातलं पाणी जमिनीवर ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, वासरू ते चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. झाकणाच्या डब्यात भरा, वर "विष" लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

वरची टाकी काढून बाटलीच्या ब्रशने धुवा. थर्मोस्टॅट काढा आणि घर रिकामंच परत बसवा, म्हणजे धुताना पाणी पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरेल. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाजवळ उघडू लागला आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर ठीक. गाळाने अडकत असेल तर नवा घ्या. धुलाई झाल्यावर थर्मोस्टॅट परत बसवायचाच. "गरम होते म्हणून काढून टाकला" हा उपाय इथे सर्रास केला जातो, पण त्याने इंजिन हिवाळाभर थंड चालतं, डिझेल जास्त खातं आणि मूळ अडथळा तसाच राहतो.

आता ५ लिटर मऊ पाणी भरा, इंजिन दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या आणि पुन्हा सोडा. गरम ब्लॉकमध्ये थंड पाणी घाईने ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. दर फेरीला ८ पैकी ३ लिटर आतच राहतं, म्हणून जुन्या कूलंटचा अंश असा उतरतो: पहिल्या फेरीचं पाणी भरल्यावर साडेसदतीस टक्के, दुसऱ्या फेरीत चौदा, तिसऱ्या फेरीत पाच. जड इंजिनांच्या उत्पादकांच्या सूचनांत दीर्घायुषी कूलंटमध्ये दुसऱ्या जातीचं १० टक्क्यांपर्यंत मिश्रण खपवून घेतलेलं आढळतं. म्हणजे एक फेरी पुरत नाही, तीन फेऱ्या पुरतात. तिसऱ्या फेरीचं पाणीही गढूळ आलं तर आकड्यांकडे न बघता चौथी करा. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची करा, म्हणजे आत उरणारे ३ लिटर बहुतांश क्षारमुक्त असतील.

जेली झाली असेल तर पहिल्या फेरीनंतर रेडिएटर काढून उलटं धुवा. खालच्या तोंडातून बागेच्या नळीने पाणी सोडा आणि वरच्या तोंडातून गाळ बाहेर येऊ द्या. कंप्रेसरची हवा थेट लावू नका. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर १ बारच्या आसपास काम करायला बनवलेला असतो, आणि कंप्रेसर ७-८ बार देतो. जोड फाटतो.

रेडिएटर धुण्याचं तयार रसायन वापरायचं तर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलंच घ्या आणि सांगितलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. कॉस्टिक सोडा किंवा संडासचं ॲसिड अजिबात नको. कॉस्टिक सोडा जेली विरघळवतो हे खरं, पण त्याच झपाट्याने ॲल्युमिनियमही विरघळवतो. पितळी रेडिएटरच्या काळातली ही सवय आता सोडलीच पाहिजे. तीन-चार फेऱ्या आणि उलट धुलाई करूनही इन्फ्रारेडवर थंड पट्टे राहिले तर रेडिएटर बदलावा. वाळून घट्ट झालेली सिलिकेटची जेली पाण्याने निघत नाही, आणि अर्धा बुजलेला रेडिएटर पुढच्या मेमध्ये हेड गॅस्केट घेऊन जाईल.

भरताना होणारी मोठी चूक

धुवून झालं, ५ लिटर जागा रिकामी आहे, आणि दुकानदार तयार मिश्रणाचा, म्हणजे निम्मं पाणी घातलेला ५ लिटरचा कॅन देतो. तो भरला तर काय होतं? कॅनमध्ये ग्लायकॉल अडीच लिटर. ब्लॉकमध्ये ३ लिटर नुसतं पाणी. एकूण ८ लिटरमध्ये अडीच, म्हणजे ३१ टक्के. आणि बाजारातली बरीच तयार मिश्रणं निम्म्याहून कमी ताकदीची असतात. ३३ टक्क्यांचा कॅन असेल तर इंजिनात २१ टक्केच उरतील. साधारण ३३ टक्क्यांच्या खाली गंजरोधक अपुरे पडतात. म्हणजे एवढी मेहनत करून गाडी पुन्हा अर्धवट संरक्षणावर जाते.

म्हणून धुलाईनंतर नेहमी कॉन्सन्ट्रेट घ्या. ५० टक्के हवं असेल तर ८ लिटरला ४ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि उरलेल्या जागेत १ लिटर डिस्टिल्ड पाणी. आधी चारही लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग पाणी, म्हणजे जागा कमी पडली तरी ग्लायकॉल कमी पडणार नाही. खानदेशात बर्फाची भीती नसल्याने ४० टक्केही चालतं, तेव्हा ३.२ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि १.८ लिटर पाणी. पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, त्यामुळे "जास्त कूलंट, जास्त थंड" हे उलटं आहे.

डब्यावर काय वाचायचं? रंग शेवटी. आधी गाडीच्या पुस्तिकेतलं नाव किंवा सांकेतिक क्रमांक डब्यावर आहे का ते. मग रसायनाची जात: सेंद्रिय आम्ल, सिलिकेट असलेलं संकरित की फॉस्फेट असलेलं संकरित. मग आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ असे मानकांचे क्रमांक. हे क्रमांक किमान दर्जा सांगतात, जात सांगत नाहीत. एकाच मानकात दोन न जमणारी कूलंट बसू शकतात. "सर्व रंगांशी चालते" असं लिहिलेलं कूलंट वरून थोडं घालायला निभावून नेईल, पण बरंच मिसळलं तर आधीच्याचं आयुष्य त्यानेही कमी होतं.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर असेल तर गरमवर, आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला. थर्मोस्टॅटवरचा छोटा हलता खिळा वरच्या बाजूला आलाय ना ते बघा, हवा तिथूनच निघते. सावकाश ओता. स्क्रूतून सलग धार आली की तो घट्ट करा. इंजिन सुरू ठेवून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. वरचा पाइप गरम आणि खालचा थंडच राहिला तर आत हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट उघडत नाही. थंड झाल्यावर टाकीची पातळी बघून तेवढीच भर घाला.

झाकणही तपासा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा बारमध्ये असतो. रबर कडक झालं असेल तर दाब धरत नाही आणि कूलंट घाटात लवकर उकळतं. मधली छोटी झडप अडकली तर थंड होताना वरचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो.

दोन दिवस गाडी चालल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने एक थेंब तपासा. आपल्याला गोठणबिंदूशी कर्तव्य नसलं तरी त्यावरून ताकद कळते: उणे ३७ म्हणजे ५० टक्के, उणे २४ म्हणजे ४०, उणे १८ च्या आसपास म्हणजे ३३. नमुना थंड करून घ्या आणि उपकरणात इथिलीन ग्लायकॉलचीच पट्टी वाचा, प्रॉपिलीनची नाही.

वाटेत पाणी कमी पडलं तर

फर्दापूरला टाकी रिकामी दिसली आणि तुमच्या प्रकारचं कूलंट मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या जातीचं कूलंट घालण्यापेक्षा बाटलीबंद किंवा आरओचं पाणी घाला. ८ लिटरच्या इंजिनात एक लिटर पाण्याने ५० टक्क्यांचं साधारण ४४ टक्के होतं, आणि ते नंतर थोड्या कॉन्सन्ट्रेटने सहज भरून निघतं. चुकीची जात पडली तर पुन्हा तीन फेऱ्यांची धुलाई. बोअरचं पाणी अगदी नाइलाज असेल तरच. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणाचं पाणी दर आठवड्याला अर्धा लिटर पडत राहिलं तर वर्षात २६ लिटर होतं, आणि पाणी वाफेनेच जात असेल तर त्यातले दहा ग्रॅम क्षार इंजिनात मागे राहतात. ते नेमके सर्वांत गरम जागी, सिलिंडरच्या डोक्याभोवती बसतात. आणि दर आठवड्याला अर्धा लिटर कमी होत असेल तर मुळात गळती शोधायला हवी: पंपाखालचं बारीक भोक, क्लिपा, झाकण, मग गॅस्केट.

काम झालं की टाकीवर जाड चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहा: कूलंटचं पूर्ण नाव, जात, टक्के, तारीख आणि किलोमीटर. पुढे जो कुणी बॉनेट उघडेल त्याला रंगावरून अंदाज करावा लागणार नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर टाकीचा तळ टॉर्चने बघा. हलकी तपकिरी झाक आली असेल तर कोपऱ्यातला उरलेला गाळ सुटतोय. एकदा रेडिएटरमधले ५ लिटर काढा, त्यातलं थोडं पेल्यात रात्रभर ठेवून खाली साका बसतो का ते पाहा. बसला तर ते ५ लिटर ताज्या ५० टक्के मिश्रणाने बदला. इथे मात्र तयार मिश्रण चालतं, कारण ब्लॉकमधले ३ लिटर आता पाणी नाही, कूलंट आहे. फक्त तोही कॅन ५० टक्क्यांचाच असल्याचं लेबलवर वाचून घ्या.